नवराच साहेब असतो तेव्हा



नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर त्यांना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं, अशा सूचना केंद्र सरकारने १९८६ साली काढल्या. त्यात ठिकाण म्हणजे गाव. खाजगी संस्थांच्या शाळांमध्ये मात्र गावही एक, इमारतही एक आणि पुष्कळदा हजेरीपटही एकच असतो. त्यात नवरा ज्येष्ठतेने मुख्याध्यापक झाला की सकाळी डबा भरून देणारी बाई अकरा वाजता त्याच्याच हाताखालची सहशिक्षिका होते. गावाला यात कौतुकच वाटतं. ‘दोघं मिळून जातात, मिळून येतात,’ असं म्हणतात. भांडणही त्यांच्याबरोबर जातं-येतं, हे कुणी म्हणत नाही.

अशीच एक बाई आमच्याकडे आली होती. ती माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तिने आपल्या पगारातून आईच्या औषधपाण्याला पैसे पाठवले, यावरून घरी वाद झाला. पुढच्या आठवड्यात तिचा किरकोळ रजेचा अर्ज नामंजूर झाला. महिन्याभरात वेळापत्रक बदललं. दहावीचा वर्ग काढून तिला पाचवी-सहावीचे शेवटचे तास दिले. मग दहा मिनिटं उशीर झाला म्हणून मेमो आला. तो शिपायाच्या हाती आला आणि सगळ्या शिक्षक-खोलीसमोर तिला सही करून घ्यावा लागला. घरी त्याच मेमोवर जेवताना चर्चा झाली. ‘माझं ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती.’ यातलं काय घरचं आणि काय शाळेचं?

मेमो म्हणजे शाळेचा कागद, पण तो ज्या कारणाने निघाला ते कारण घरचं. आणि नेमकं हेच सिद्ध करणं सर्वांत अवघड, कारण कागदावर सगळं नियमानुसार असतं. रजा नाकारण्याचा मुख्याध्यापकाला अधिकार आहे, वेळापत्रक तोच करतो, उशीर तर झालाच होता. म्हणून आम्ही तिला पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याबद्दल नव्हता. त्या सत्रात आणखी किती जणांना उशीर झाला, आणि त्यांच्यापैकी कुणाला मेमो मिळाला? हजेरीपटावर पाच जणांच्या नावापुढे उशिराची खूण होती. मेमो एकच होता. रजेचंही तसंच निघालं. दुसऱ्या कुणाला जे झालं नसतं ते आपल्याला झालं, हे तारखांनिशी दाखवता आलं की घरचं भांडण शाळेत आल्याचं कळतं. नुसत्या ‘ते माझ्यावर राग काढतात’ या वाक्याला संस्थेचे चिटणीस हसून सोडून देतात.

दुसरी गोष्ट मेमोच्या उत्तराची. तिने लिहून आणलेल्या दोन पानांत आईचं आजारपण होतं, सासूबाईंचं बोलणं होतं, आदल्या रात्रीची मारहाणही होती. सगळं खरं होतं. पण हा कागद शाळेच्या फायलीत लागणार, तो कारकून वाचणार, संस्थेच्या बैठकीत फिरणार, आणि ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण काय मध्ये पडायचं’ असं म्हणून मूळ अन्याय बाजूला सारायला तेवढंच पुरणार. शेवटी उत्तर चार ओळींचं झालं. तारीख, वेळ, एस.टी. उशिरा आल्याचं कारण, आणि त्याच दिवशी उशिरा आलेल्या इतरांबाबत काय कार्यवाही झाली अशी विचारणा. मारहाणीच्या तारखा वेगळ्या वहीत लिहायच्या, आणि ती वही घरात नाही, शाळेच्या कपाटातही नाही, मैत्रिणीकडे ठेवायची. दोन वह्या शेजारी ठेवल्या की तारखा आपोआप बोलतात, पण त्या एकत्र शिवायच्या नाहीत.

तिसरी मागणी तिने संस्थेकडे केली, आणि मूळ मुद्दा तोच आहे. संध्याकाळी सहानंतर शाळेचं बोलायचं नाही, असे करार जोडपी आपापसांत करतात. दोघं बरोबरीची असतील, तर ते टिकतातही. पण एकाच्या हातात दुसरीची रजा, तास आणि गोपनीय अहवाल असेल, तर गप्प बसण्याचा नियम तिच्यापुरताच उरतो. म्हणून तिची मागणी अशी होती, की तिच्या रजेचा अर्ज पर्यवेक्षकांमार्फत चिटणीसांकडे जावा, गोपनीय अहवाल मुख्याध्यापकांऐवजी संस्थेने नेमलेल्या दुसऱ्या व्यक्तीने लिहावा, आणि तिच्याबाबतची लेखी सूचना पर्यवेक्षकांच्याच सहीने निघावी. संस्थेला ही मागणी चमत्कारिक वाटली. वास्तविक ती नवीन नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत चौकशी चालू असताना अशीच तरतूद आहे: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला त्या बाईचा गोपनीय अहवाल लिहू द्यायचा नाही, तो दुसऱ्याकडे सोपवायचा. शिक्षणसंस्थेत तिच्या शैक्षणिक कामावरची त्याची देखरेखही थांबवता येते. तो कायदा लैंगिक छळापुरता आहे, तिची तक्रार ती नव्हती. पण ज्याच्याशी वाद आहे त्याने मूल्यमापन करू नये, हे तत्त्व कायद्यानेच मान्य केलेलं आहे, आणि ते आपल्या ठरावात घ्यायला संस्थेला कुणाचीच आडकाठी नाही. पर्यवेक्षक मुख्याध्यापकांच्या मर्जीतले असतील तर हा उपाय लंगडा पडतो. म्हणून चिटणीसांची सही महत्त्वाची.

आता मारहाणीविषयी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. त्यात बाईच्या नोकरीच्या जागी नवऱ्याने जाऊ नये, तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये, असं सांगता येतं. आपल्या कार्यकर्त्या अर्जाच्या छापील नमुन्यात हे सगळे मुद्दे सरसकट मागतात. पण नवऱ्याची नोकरी तिथेच असेल तर? सरसकट आदेश मिळणं कठीण, कारण त्याचा अर्थ त्याची नोकरी जाणं असा होतो. मिळाला तरी पोटगी कुठून येणार, हा प्रश्न उभा राहतो. मग संपूर्ण कलमच नाकारलं जातं आणि बाई शाळेत उघडी पडते.

त्याच कलमात शेवटी, आदेशात नमूद केलेली अन्य कोणतीही कृती करण्यास मनाई करण्याचीही सोय आहे. तिचा उपयोग करावा. तिच्या अर्जात आम्ही असं मागितलं: त्याने तिच्या वर्गात किंवा शिक्षक-खोलीत तिच्याजवळ येऊ नये, कामाचा संपर्क फक्त लेखी आणि पर्यवेक्षकांमार्फत ठेवावा, शाळेतून घरी व घरून शाळेत तिचा पाठलाग करू नये. तातडी असेल तर कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो. परिस्थिती बदलली, समजा त्याची किंवा तिची बदली झाली, तर कलम २५ खाली आदेशात बदलही मागता येतो. आदेशाची प्रत मात्र चिटणीसांना पोचवली पाहिजे. ती नवऱ्याच्याच टेबलाच्या खणात राहिली तर पर्यवेक्षकांना कळणार कसं?

शिक्षक-खोलीचीही एक बाजू आहे. ‘साहेबांची बायको’ आली की तिथली बोलणी थांबतात. संघटनेच्या सभेला तिला कुणी बोलावत नाही, सगळं घरी पोचेल म्हणून. ज्या दिवशी मेमो आला त्या दिवशी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायलाही कुणी तयार नव्हतं. तालुक्याच्या शिक्षक संघटनेत आपल्यापैकी ज्या कामाला आहेत, त्यांनी अशा बाईला आधी सभासद करून घ्यावं.

आणि आपल्याच संस्थांकडेही पाहावं लागेल. कितीतरी स्वयंसेवी संस्थांमध्ये नवरा अध्यक्ष, बायको कोषाध्यक्ष आणि धनादेशावर दोघांच्याच सह्या. घरी अबोला धरला की फील्डवरच्या मुलींचे पगार अडकतात. तिसरी सही करणारी व्यक्ती नात्याबाहेरची ठेवावी आणि तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालतील असा ठराव बँकेला द्यावा, म्हणजे अबोल्याच्या आठवड्यातही पगार निघतील. अशी सही द्यायला सर्वांत जास्त नाखूष कोण असतं, ते ज्यांच्या-त्यांच्या संस्थेत तपासून पाहा.