ट्रिप न होणारा फॉल्ट

लॅबमध्ये आपण शिकतो की फॉल्ट आला की सप्लाय ट्रिप झालाच पाहिजे. होस्टेलसाठी ते ठीक आहे, पण ऑपरेशन चालू असताना सक्शन मशीनच बंद पडलं तर?

म्हणून ऑपरेशन थिएटरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून सप्लाय देतात. त्याच्या सेकंडरीची एकही वायर अर्थ केलेली नसते. समजा एका मशीनमध्ये एक वायर आतून बॉडीला टेकली. करंटला परत जायला रस्ताच नाही, त्यामुळे मशीन चालूच राहतं. मस्त ना? पण आता ती वायर अर्थ झाली. दुसऱ्या मशीनमध्ये दुसरी वायर बॉडीला टेकली, की सरळ शॉर्ट सर्किट आणि ब्रेकर पडलाच!

म्हणून इन्सुलेशन मॉनिटर लागतो. तो वायर आणि अर्थ यांच्यामधला रेझिस्टन्स सतत मोजतो आणि ५० किलोओहमच्या खाली गेला की बझर वाजवतो. त्या क्षणी दुसरी वायर पूर्ण अर्थला टेकली, तरी २३० भागिले ५०,००० म्हणजे फक्त ४.६ मिलिअँपिअर. म्हणजे इशारा वेळेत मिळतो.

पण पहिल्या फॉल्टने काहीच बंद पडत नाही, म्हणूनच तो विसरला जातो. माझं म्हणणं एवढंच, की बझर म्यूट करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ऑपरेशन थांबवू नका, पण ते संपलं की शेवटी लावलेल्या मशीनपासून एकेक प्लग काढून बघा. ज्याचा प्लग काढल्यावर आकडा वर उसळतो, ते मशीन दोषी. पुढचा पेशंट त्यानंतरच टेबलवर घ्या!