आंतर्देशीय पत्रातील ३१ ऑक्टोबर

गेली चाळीस वर्षे मी एक प्रसंग सांगत आलो आहे. निवृत्तीच्या निरोप समारंभात सांगितला, घरी नातवंडांना सांगितला, प्रवासात शेजारी बसलेल्या अनोळखी सद्गृहस्थांनाही सांगितला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी मी सातपुड्यातील धडगाव येथे बँकेच्या शाखेत लिपिक होतो. नोकरी नवी, वय चोवीस. सकाळचे साडेअकरा झाले होते, काउंटरवर पाच-सहा खातेदार उभे होते. नंदुरबारच्या जिल्हा कार्यालयातून दूरध्वनी आला. व्यवस्थापकांच्या हातातील पेला खाली पडला. आम्ही सारे त्यांच्या खोलीत धावलो. दूरचित्रवाणीवर सलमा सुलतान इंदिरा गांधींच्या निधनाची बातमी सांगत होत्या. आमचे रोखपाल तोंडावर रुमाल धरून रडत होते. व्यवस्थापकांनी तत्काळ शटर खाली ओढण्यास सांगितले. पेल्याच्या काचा, रुमालाची निळी किनार, शटरचा आवाज, सारे आजही डोळ्यांसमोर आहे.

मागील वर्षी आईची जुनी ट्रंक आवरताना वडिलांना मी लिहिलेले एक आंतर्देशीय पत्र सापडले. त्यावर दिनांक आहे १ नोव्हेंबर १९८४, अक्षर माझेच. त्या पत्रात दूरध्वनी नाही, पेला नाही, दूरचित्रवाणी तर नाहीच. उलट ‘इथे टीव्ही नसल्याने सगळी भिस्त ट्रान्झिस्टरवर’ असे वाक्य आहे. बातमी आली ती दुपारी अडीचच्या सुमारास, शहाद्याहून आलेल्या एसटीच्या वाहकाकडून. तो बँकेत सुट्या पैशांसाठी येत असे. ‘इंदिराबाईंवर गोळ्या झाडल्या’ असे त्याने सांगितले आणि मी त्याला, पत्रातील शब्द जसेच्या तसे द्यायचे तर, ‘अफवा पसरवू नकोस म्हणून झापले’. शाखा नेहमीच्या वेळी, रोकड जुळवून बंद झाली. संध्याकाळी एका व्यापाऱ्याच्या दुकानापुढे जमलेल्या गर्दीत उभे राहून आम्ही आकाशवाणीवर निधनाची बातमी ऐकली.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला दोन नोंदी जुळत नसतील तर चैन पडत नाही. म्हणून मी तिसऱ्या, स्वतंत्र पुराव्याकडे वळलो. त्या दिवसाचा क्रम सर्वज्ञात आहे. दिल्लीत सफदरजंग मार्गावरील निवासस्थानी सकाळी सव्वानऊनंतर गोळीबार झाला. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दुपारी सव्वादोननंतर मृत्यू घोषित झाला. बीबीसीने ते वृत्त अधिकृत घोषणेच्या काही तास आधीच दिले होते, परंतु आकाशवाणीने आणि दूरदर्शनने निधन जाहीर केले ते संध्याकाळी. तेव्हा सकाळी साडेअकराला सलमा सुलतान यांच्या तोंडून ती बातमी ऐकणे धडगावातच काय, दिल्लीतही शक्य नव्हते. आणि ‘नंदुरबारचे जिल्हा कार्यालय’? नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला १ जुलै १९९८ रोजी. १९८४ मध्ये आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. जे कार्यालय चौदा वर्षांनी जन्माला यायचे होते, तेथून मला दूरध्वनी येत असे!

अशा आठवणींना मानसशास्त्रात ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यावर एक काचेचा दिवा असे. तो क्षणभर लखकन पेटे आणि समोरचे सारे टिपले जाई. धक्कादायक सार्वजनिक घटना कळते तेव्हा मनातही असाच दिवा पेटतो आणि आपण कोठे होतो, कोणी सांगितले, हातात काय होते हे सारे छायाचित्रासारखे गोठते, अशी कल्पना. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७७ मध्ये हे नाव रूढ केले. त्यांनी लोकांना केनेडी यांच्या हत्येसारख्या घटनांविषयी विचारले आणि वर्षे लोटल्यावरही मिळालेली तपशीलवार उत्तरे पाहून ते प्रभावित झाले. मात्र ती उत्तरे खरी आहेत की नाहीत, हे पाहण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. वाचकहो, लेखापरीक्षक येथेच थांबला असता: मूळ व्हाउचर कोठे आहे?

ते व्हाउचर जपून ठेवले उल्रिक नायसर यांनी. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकन अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांत आकाशातच नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसर आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील १०६ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. बातमी कशी कळली, कोठे होता, कोणाबरोबर होता, काय करीत होता, किती वाजले होते, असे साधे प्रश्न. कागद बांधून ठेवले. अडीच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्यांतील ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून सातपैकी गुण दिले. सरासरी तीनलाही पोहोचली नाही. ११ जणांना शून्य मिळाले, सातपैकी सात गुण केवळ तिघांना. एका विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी लिहिले होते की, धर्मविषयाच्या तासाला वर्गात काही जण बोलत आले तेव्हा तिला कळले. नंतर तिला ठामपणे आठवत होते की, ती खोलीत मैत्रिणीसह दूरचित्रवाणी पाहत होती आणि मध्येच बातमी झळकली. मला तर ही आमची धडगावची शाखाच वाटली: तोंडी कळलेली बातमी मागाहून पडद्यावर जाऊन बसली.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढे घडली. विद्यार्थ्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातील पहिला कागद दाखवला, तरी मूळ आठवण कोणालाही परत आली नाही. काही जण तर म्हणाले, ‘अक्षर माझेच आहे, पण मला आठवते ते असे नाही.’ पत्र हाती आल्यापासून माझी स्थिती तीच आहे. वाहक आला हे मी वाचतो, मान्य करतो. पण त्याचा चेहरा येत नाही. पेल्याच्या काचा मात्र येतात.

मग ही आठवण इतर आठवणींपेक्षा वेगळी कशात? जेनिफर टॅलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी १२ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कमधील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ड्यूक विद्यापीठातील ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहवून घेतल्या. एक हल्ल्याची बातमी कळल्याची, दुसरी त्याच सुमाराच्या एखाद्या साध्या प्रसंगाची. नंतर काहींना एका आठवड्याने, काहींना सहा आठवड्यांनी, काहींना बत्तीस आठवड्यांनी पुन्हा विचारले. दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने मूळ नोंदीपासून ढळल्या होत्या. फरक एवढाच की साध्या प्रसंगाविषयी त्यांचा विश्वास आणि चित्राचा ठसठशीतपणा ओसरला होता, हल्ल्याच्या आठवणीत दोन्ही टिकून होते. म्हणजे धक्क्याने आठवण अधिक अचूक होत नाही. ती अधिक खात्रीची होते. सामान्यतः धूसरपणा हीच आपल्याला मिळणारी सूचना असते, ‘आता नीटसे आठवत नाही’ असे आपण म्हणतो. येथे ती सूचनाच मिळत नाही.

ढळण्याचा मार्ग माझ्या प्रकरणात बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. मोठी बातमी आपल्याला एकदाच कळत नाही. प्रथम वाहकाने सांगितले, मग बाजारात कुजबुज झाली, मग आकाशवाणी, दोन दिवसांनी वर्तमानपत्रे. मन यांतील सर्वांत ठळक प्रसंगाला ‘पहिला’ ठरवते आणि बाकीचे त्यात मिसळते. पुढे प्रत्येक ३१ ऑक्टोबरला सलमा सुलतान यांची तीच चित्रफीत मी दूरदर्शनवर पाहत आलो. ती कधी तरी आमच्या व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली. जिल्हा कार्यालय सांगण्याच्या सोयीने आले असावे. १९९८ नंतर श्रोत्यांना ‘धुळे’ म्हटले की प्रत्येक वेळी खुलासा करावा लागे.

नायसर स्वतःही यातून सुटले नव्हते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्याची बातमी आपण घरी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकताना ऐकली, असे त्यांना वर्षानुवर्षे आठवत असे. एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले की डिसेंबरमध्ये बेसबॉलचा हंगामच नसतो. पुढे अन्य संशोधकांनी दाखवून दिले की त्या दुपारी न्यूयॉर्कमधून फुटबॉलच्या सामन्याचे प्रक्षेपण होत होते आणि संघांची नावे होती जायंट्स व डॉजर्स, म्हणजे प्रसिद्ध बेसबॉल संघांचीच. रेडिओ खरा असावा, सामना खरा असावा, खेळ तेवढा बदलला. तेव्हा आठवण सगळीच खोटी ठरते असेही नाही.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. या अभ्यासांत दुसरी नोंद पहिलीशी जुळते का, एवढेच तपासता येते. पहिली नोंद खरीच होती, हे गृहीत धरावे लागते. माझे पत्रही वडिलांना लिहिलेले आहे. त्यांना काळजी वाटू नये म्हणून मी काही गाळले असेल. तरी दुसऱ्या दिवशीची नोंद आणि चाळीस वर्षांनंतरची नोंद यांत मी पहिलीच ग्राह्य धरीन. ११ सप्टेंबरच्या आठवणींचा दहा वर्षे माग काढणाऱ्या विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांना आढळले की बहुतेक घसरण पहिल्याच वर्षात होते. त्यानंतर माणूस चूक बदलत नाही, तीच पुन्हा पुन्हा सांगतो. घटनेविषयीच्या चुका वृत्तपत्रे आणि चित्रवाणी काही अंशी सुधारतात. ‘मी कोठे होतो’ ही चूक सुधारण्यास कोणी येत नाही. मला ट्रंकेने सुधारले.

या सर्व प्रकारात एक गोष्ट मला अस्वस्थ करते. माझ्या आठवणीत मी बातमी कळताच स्तब्ध झालेला, शोकाकुल तरुण आहे. पत्रातील तरुणाने खरे सांगणाऱ्या एका गरीब माणसाला चारचौघांत झापले आहे. चाळीस वर्षांत वाहक आठवणीतून नेमका कसा गळला, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगात मिळालेले नाही. माझा संशय मात्र मला ठाऊक आहे.

पत्र वाचून झाल्यावर मी आमच्या रोखपालांना दूरध्वनी केला. ते आता धुळ्यास मुलाकडे असतात, कान अधू झाले आहेत. रुमालाचे सांगताच ते हसले. ‘अहो साहेब, मी त्या आठवड्यात रजेवर होतो. दिवाळीला गावी गेलो तो नोव्हेंबरातच परतलो.’ दिवाळी त्या वर्षी हत्येच्या आठवडाभर आधी झाली होती, तेव्हा त्यांचे म्हणणे जुळण्यासारखे आहे. पत्रात रोकड कोणी जुळवली याचा उल्लेख नाही आणि शाखेचे त्या वर्षीचे हजेरीपत्रक आता मिळणार नाही. थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘पण तुम्ही त्या दिवशी शाखेत होता का? मला तर वाटते, तुम्ही शहाद्याला रोकड आणायला गेला होता.’