आठवा गुरू, पण उच्चीचा

आज, २ जून २०२६ रोजी, गुरू मिथुनेतून कर्केत आला. घरात मुलगी लग्नाची असली की अशा दिवशी पंचांग उघडले जातेच, आणि पहिला प्रश्न येतो, ‘हिला कितवा गुरू?’

मोजणी सोपी आहे. जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती जन्मरास पहिली धरायची आणि गुरूच्या राशीपर्यंत मोजत जायचे. दुसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा गुरू शुभ मानतात. पहिला, तिसरा, सहावा आणि दहावा पूजा करून चालवून घेतात. धसका असतो तो चौथ्या, आठव्या आणि बाराव्याचा.

धनु राशीची मुलगी घ्या. मिथुनेतला गुरू तिला सातवा होता, म्हणजे गुरुबळ उत्तम. आजपासून तो आठवा. एवढ्यावर ‘यंदा राहू द्या’ म्हणणारे बरेच भेटतील. पण जे मुहूर्तग्रंथ आठव्याला नाक मुरडतात, त्यांतच त्याचा अपवादही दिलेला आहे. रामदैवज्ञाच्या ‘मुहूर्तचिंतामणी’नुसार गुरू उच्च राशीत, स्वराशीत किंवा मित्रराशीत असेल तर चौथा, आठवा, बारावाही चालतो; उलट नीच किंवा शत्रुराशीतला गुरू शुभ स्थानी असूनही उपयोगाचा नाही. कर्क ही तर गुरूची उच्च रास. तेव्हा धनूचा यंदाचा आठवा त्याच शास्त्राने निर्दोष ठरतो. मेषेचा चौथा आणि सिंहेचा बारावाही तसाच. नियम अर्धाच सांगून स्थळ परतवणाऱ्यांनी निदान हे पान तरी उलटावे.

गुरू बारा राशी पावणेबारा वर्षांहून थोड्या अधिक काळात फिरतो, म्हणून राशीला सुमारे वर्ष हा हिशेब. मात्र तो सरासरीचा आहे. गेल्या वर्षी १८ ऑक्टोबरला तो कर्केत डोकावला आणि वक्री होऊन ५ डिसेंबरला मिथुनेत परतला. यंदाही ३१ ऑक्टोबरला तो सिंहेत जाईल (नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण त्याच दिवशी), जानेवारीअखेर मागे कर्केत येईल आणि २०२७च्या जूनअखेरीस पुन्हा सिंहेत. म्हणजे धनूच्या मुलीला दिवाळीच्या सुमारास नववा, आणि ऐन लग्नसराईत पुन्हा आठवा. तेव्हा ‘यंदा’ कितवा हे विचारून भागणार नाही. लग्नाच्या तारखेला कितवा, हे पाहावे लागेल.

वर्षफलांच्या पुरवण्या मात्र एका राशीला एकच वाक्य देऊन मोकळ्या होतात. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो. त्या अवधीत जन्मलेल्या सगळ्यांना गुरू सारखाच येतो, आणि दर सत्तावीस दिवसांनी त्यांत नवी भर पडते. पूर्वीचे जोशी म्हणूनच गोचर पाहण्याआधी पत्रिकेतला मूळ गुरू आणि चालू दशा तपासत. आता तेवढा वेळ दक्षिणेत बसत नाही.