हो की नाही?

परवा भाची जेवायला आली होती. घास तोंडात आणि डोळे फोनवर! चार महिने एका मुलाला भेटत होती, अ‍ॅपवर ओळख झालेली. आधी त्याचं उत्तर पाच मिनिटांत यायचं, मग रात्री, मग दोन दिवसांनी नुसता अंगठा. भेटायचं विचारलं की "या आठवड्यात जरा धावपळ आहे गं". मी म्हटलं, मग पुढचा वार सुचवतो का? नाही. ज्याला खरंच वेळ नसतो तो दुसरा वार सुचवतो हो!

"मला दुखवायचं नसेल त्याला, मामा."

हे मला साफ नामंजूर. दुखतं ते दुखतंच, फक्त ते बघायला हा समोर नसतो. तिचं रडणं, तिचा "का?" आणि स्वतः वाईट ठरणं, एवढं त्याला चुकवायचं असतं. शिवाय दार किलकिलं ठेवलं की दोन महिन्यांनी "हाय, कशी आहेस?" टाकायची सोय राहते.

आमच्या वेळी स्थळाला "पत्रिका जुळत नाही" असं कळवायचे. बऱ्याचदा थाप असायची, पण विषय संपायचा. (नुसतं "कळवतो" म्हणून गप्प बसणारेही होते, आमच्याच घरात होते. असो.)

समोरचा धमकावत असेल तर न सांगता निघून जावं, त्याचं काही देणं लागत नाही. पण इथे तसं काय होतं? "मला हे पुढे न्यायचं नाही, माझी वाट बघू नकोस." टाइप करायला अर्धा मिनिट!

शेवटी भाचीनेच विचारलं, हो की नाही. निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही.