पोटातले बाळ आज कमी हलतेय? सकाळची वाट पाहू नका

नववा महिना लागलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आता त्याला हलायला जागा कुठे उरलीय?' सांगणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो. पण हे वाक्य चुकीचे आहे आणि त्यावर विसंबून मोलाचे तास वाया जातात. बाळाची हालचाल साधारण ३२व्या आठवड्यापर्यंत वाढते आणि पुढे तेवढीच राहते. शेवटी तिची जात बदलते. लाथांऐवजी कूस बदलल्यासारखे, सरकल्यासारखे जाणवते. कमी मात्र होता कामा नये, अगदी कळा सुरू झाल्यावरही.

हालचाल का मंदावते?

बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो. वारेचे काम बिघडले की बाळ मेंदू आणि हृदयासाठी रक्त राखून ठेवते आणि हातपाय हलवणे कमी करते. म्हणजे आईला जाणवणारी शांतता ही त्याची काटकसर असू शकते. नेहमीच असे असते असे नाही. बाळ झोपतेही, पण एका वेळी साधारण २० ते ४० मिनिटे. दीड तासापलीकडे क्वचितच. एकदाच हालचाल कमी वाटलेल्या दहापैकी सुमारे सात जणींचे पुढे सगळे सुरळीत होते. उरलेल्या तीन कोण, हे घरी बसून ओळखता येत नाही, एवढीच अडचण आहे.

मोजायचे कसे?

सगळ्या बाळांना लागू पडेल असा आकडा नाही. २८व्या आठवड्यापासून आपल्या बाळाची वेळ आणि सवय ओळखीची व्हायला लागते. कुणाचे जेवणानंतर फिरते, पुष्कळांचे संध्याकाळनंतर. त्या सवयीत पडलेला फरक हीच खरी खूण. शंका आली तर डाव्या कुशीवर पडा, मोबाइल बाजूला ठेवा आणि दोन तास फक्त बाळाकडे लक्ष द्या. प्रत्येक लाथ, ढुशी, कूस बदलणे मोजा. उचकीसारखे ठरावीक तालातले ठोके मोजू नका. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर लगेच संपर्क साधा, असे ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांचे रॉयल कॉलेज सांगते. आपल्याकडे काही डॉक्टर 'बारा तासांत दहा' असे मोजायला सांगतात. त्याचा अर्थ बारा तास वाट पाहा असा काढू नका. आणि हालचाल अजिबातच जाणवत नसेल, तर मोजत बसायचेच नाही, निघायचे.

समजा, ३६ आठवडे झालेली एक बाई आहे. तिचे बाळ रोज दुपारच्या जेवणानंतर जोरात फिरते. आज जेवण झाले, तीन वाजले, तरी एक-दोनदाच हलले. सासूबाई म्हणतात, 'अगं, थोडं गोड खा, हलेल.' ती साखरेचे पाणी पिते आणि डाव्या कुशीवर पडते. पाच वाजेपर्यंत चारच हालचाली. इथे निर्णय झाला. रात्रीची किंवा पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही, संध्याकाळीच निघायचे. तपासणीचे कार्ड, जुनी सोनोग्राफी सोबत घ्यायची. गाडी नसेल तर गर्भवतींसाठी १०२ किंवा तातडीसाठी १०८ क्रमांक. दारातच सांगायचे : 'छत्तीस आठवडे झालेत, दुपारपासून बाळ कमी हलतेय.' रक्तस्राव, पाणी जाणे, सतत पोट दुखणे, तीव्र डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे सोबत असेल, तर दोन तास मोजण्यातही वेळ घालवू नये.

तिथे काय होते?

आधी ठोके ऐकतात, रक्तदाब घेतात, पोटाची वाढ पाहतात. मग पोटाला पट्टे बांधून साधारण २० मिनिटे ठोक्यांचा आलेख काढतात. त्याला एनएसटी म्हणतात. गरज वाटल्यास सोनोग्राफीत बाळाची वाढ, गर्भजल आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहतात. दिवस भरत आले असतील आणि काही बिघाड दिसला, तर प्रसूती लवकर करण्याचा विचार होतो.

घरी ठोके ऐकण्याची छोटी यंत्रे ऑनलाइन मिळतात. ती घेऊ नका. ठोके ऐकू येणे म्हणजे बाळ सुखरूप, असे नाही. शिवाय आईचीच नाडी बाळाची वाटू शकते. त्या आवाजाने समाधान होते आणि दवाखान्यात जाणे लांबते.

तपासणी ठीक आली, घरी आलात आणि तीन दिवसांनी पुन्हा हालचाल कमी वाटली तर? पुन्हा त्याच दिवशी जायचे. 'परवाच तर आलो होतो, डॉक्टर काय म्हणतील' या संकोचाने थांबू नका. पुन्हा पुन्हा कमी होणारी हालचाल डॉक्टर अधिक गांभीर्याने घेतात आणि घ्यायलाच हवी.