भाजीचा हिरवेपणा आणि चिमूटभर सोडा

शिरड शहापूरच्या एक मावशी रक्तदाब तपासायला येतात. लोणचं, पापड बंद केले, भाजीत मीठही कमी केलं, तरी आकडा उतरत नव्हता. भाजी कशी करता, असं विचारलं तेव्हा कळलं, की मेथी-पालक हिरवागार राहावा म्हणून त्या रोज पाव चमचा खायचा सोडा घालतात. “सोडा काही खारट नसतो ना, साहेब?” हा त्यांचा प्रश्न अनेकांचा आहे. चवीला खारट नसला तरी पाव चमचा सोड्यात सुमारे 300 मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात सोडियम 2 ग्रॅमच्या आत ठेवावं. रक्तदाब केवळ सोड्यामुळे वाढला, असं मी म्हणणार नाही. पण हे सोडियम त्यांच्या हिशेबात नव्हतंच.

पानांचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. शिजताना पानांतलीच आम्लं सुटतात, ती हे मॅग्नेशियम बाहेर काढतात आणि भाजी काळपट दिसू लागते. सोडा आम्ल मारतो, म्हणून रंग टिकतो. पण क जीवनसत्त्व आणि थायमिन नासतं, पानं गिळगिळीत होतात. उलट, नुसता रंग गेल्याने भाजीतलं लोह कमी होत नाही.

सोड्याचं काम उघडी कढई करते. चौघांसाठी मेथीच्या दोन जुड्या घ्या. जून देठ काढून कोवळी पानं धुवा, मगच चिरा. लसूण-मिरचीच्या फोडणीत अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ घाला, पाण्याचा हबका मारून ती झाकण ठेवून बोटचेपी शिजवा. मग झाकण काढा, मोठ्या आचेवर मेथी टाका आणि पाच-सहा मिनिटांत उतरवा. झाकण नसल्याने आम्लाचा बराच भाग वाफेबरोबर निघून जातो. मीठ पानं बसल्यावरच घाला. ढीग पाहून घातलं तर हमखास जास्त पडतं. पालकात टोमॅटो किंवा ताक घालायचं असेल तर ते शेवटी.

कडूपणा घालवण्यासाठी मीठ चोळून मेथी पिळतात. त्या रसाबरोबर कडूपणा जातो खरा, पण फोलेट आणि क जीवनसत्त्वही मोरीत जातं. मूगडाळ आणि शेंगदाण्याचा कूट कडूपणा झाकतात, तेवढं पुरे. पिळणं सोडावंच, असं माझं मत आहे.

मूतखड्याच्या रुग्णांचं वेगळं. त्यांनी पालक भरपूर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून ते पाणी फेकावं, कारण खड्याला कारण ठरणारं ऑक्झलेट त्यात काही प्रमाणात उतरतं.

मावशींना मी गोळी बदलून दिली नाही, आधी सोड्याचा डबा बाजूला ठेवायला सांगितलं. पुढच्या तपासणीत आकडा काय येतो, ते पाहू.