अनोळखी मोठ्या माणसाला ईमेल : उत्तर एका ओळीत देता आलं पाहिजे

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक जुनी सवय आहे. मुलाला कुणा जाणकाराचं मार्गदर्शन हवं असलं, की आधी ओळख शोधायची. "त्यांचे साडू आमच्या शाखेत होते, एक फोन टाकतो." ओळख निघाली नाही, तर मुलाकडून दोन पानी ईमेल लिहून घ्यायचा. त्यात आधी समोरच्याची स्तुती, मग आपली सगळी मार्कशीट आणि शेवटी "कृपया मार्गदर्शन करावे."

माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही टाळावं. फोनमुळे समोरचा भिडेस पडतो आणि भिडेपोटी मिळालेलं मार्गदर्शन एका भेटीत संपतं. दोन पानी ईमेलला उत्तरच येत नाही. त्यापेक्षा मुलानं स्वतः लिहावं, थोडक्यात लिहावं, नेमकं एकच विचारावं आणि ते असं विचारावं की समोरच्याला एका ओळीत उत्तर देता येईल.

बँकेत आम्ही हेच शिकलो. शाखेतून वरच्या कार्यालयात कर्जाचं टिपण जायचं. ज्याच्या शेवटी "अमुक पार्टीची मर्यादा इतक्या रकमेपर्यंत वाढवावी" असं लिहिलेलं असे, त्यावर साहेब "मंजूर" लिहून सही करत. ज्याच्या शेवटी "योग्य तो निर्णय व्हावा" असे, ते ढिगाच्या तळाशी जाई. साहेब आळशी नव्हते. काय ठरवायचं हेच आधी त्यांना शोधावं लागे, म्हणून ते टिपण उद्यावर जाई. "मार्गदर्शन करावे" हे तसलंच वाक्य आहे. कशाबद्दल, किती, कुठून सुरुवात, हे सगळं वाचणाऱ्यावर ढकललेलं असतं.

याचं आपल्यातलं उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. १९८८ साली पुण्यात आयुका उभी करणारा हा शास्त्रज्ञ किती कामात असेल! तरी व्याख्यानानंतर मुलांनी सहीसाठी गराडा घातला, की ते सांगत, वहीवर सही देणार नाही. विज्ञानाचा एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. मुलांनी कार्डं पाठवली आणि त्यांना उत्तरंही मिळाली. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा अनेकांना त्या कार्डांची आठवण आली. मला यात कार्डाचा आकार महत्त्वाचा वाटतो. त्यावर स्तुतीला जागा नाही, फार तर एक प्रश्न मावतो. आणि जो प्रश्न कार्डावर मावतो, त्याचं उत्तरही बहुतेक वेळा कार्डावर मावतं.

आता आमच्या शेजारची गोष्ट सांगतो. मुलगी शेतकी शिकते. सांवेरकडच्या दोन सोयाबीनच्या शेतांत पांढऱ्या माशीची मोजणी, हा तिचा प्रकल्प. ही माशी पिवळ्या मोझॅकचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. कीटकांवर आयुष्यभर काम केलेल्या एका निवृत्त शास्त्रज्ञांचं मार्गदर्शन तिला हवं होतं. वडील म्हणाले, "काका, तुमची कुणाशी ओळख?" मी म्हटलं, "असली तरी फोन करणार नाही. तिलाच लिहू दे."

तिचा पहिला मसुदा चांगला साडेतीनशे शब्दांचा. "आपल्यासारख्या थोर शास्त्रज्ञांच्या चरणी" अशी सुरुवात, दहावीपासूनचे टक्के, सोबत बायोडेटा आणि शेवटी "आपण माझे मार्गदर्शक व्हाल का?" मी विचारलं, "बेटा, याला ते एका ओळीत काय उत्तर देतील?" ती विचारात पडली. 'हो' म्हटलं तर न पाहिलेल्या मुलीची वर्षभराची जबाबदारी गळ्यात आणि 'नाही' म्हणायला जीव होत नाही. अशा वेळी माणूस गप्प बसतो.

मग तिला विचारलं, "काम करताना नेमकी कुठे अडलीस?" ती म्हणाली, "आठवड्यातून एकदा मोजते. पुस्तकात पद्धत आहे, पण इतक्या लहान शेतांना एकदा पुरतं का, ते कळत नाही." हाच तिचा प्रश्न. शेवटी गेलेला ईमेल मराठीत सांगायचा तर असा :

विषय : सोयाबीनवरची पांढरी माशी – मोजणी आठवड्यातून एकदा की दोनदा?

"सर, नमस्कार. मी बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सांवेरजवळच्या दोन शेतांत प्रत्येकी २० झाडं निवडली आहेत. प्रत्येक झाडाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं बघून आठवड्यातून एकदा माशा मोजते. तीन आठवडे झाले. दोन शेतांची तुलना करायला एवढं पुरेल, की आठवड्यातून दोनदा मोजावं? 'एकदा' किंवा 'दोनदा' एवढंच कळवलंत तरी पुरे. वेळ नसेल तर उत्तराची अपेक्षा नाही."

यात विषयाच्या ओळीतच प्रश्न आहे. आपण काय केलं ते आकड्यांत आहे, म्हणजे हात चिखलात घालून मग विचारते आहे हे दिसतं. उत्तर कसं द्यायचं तेही सांगितलं आहे. बायोडेटा नाही आणि 'मार्गदर्शक व्हा' नाही.

चौथ्या दिवशी उत्तर आलं : एकदा पुरे, पण सकाळी लवकर मोज आणि पानाची खालची बाजू बघ. विचारलं त्याहून जास्त मिळालं. उन्हं चढली की माशी चटकन उडते आणि मोजणी कमी भरते, हे तिला शेतात जाऊन पटलं. महिन्यानं तिनं दोन ओळींत कळवलं की वेळ बदलल्यावर आकडे कसे बदलले आणि पुढचा एक प्रश्न विचारला. नातं असं दुसऱ्या-तिसऱ्या पत्रानं जुळतं, पहिल्यात मागून नाही.

मर्यादाही सांगतो. पुस्तकात सापडणारा प्रश्न विचारू नये. ज्यानं शोधलं नाही तो लगेच ओळखू येतो. "नोकरी करू की पुढे शिकू?" हेही अनोळखी माणसाला विचारू नये. प्रश्न छोटा दिसतो, पण उत्तरासाठी अख्खं घर माहीत असावं लागतं. तोच मजकूर वीस जणांना पाठवला तर तो कुणालाच उद्देशून वाटत नाही. उत्तर आलं नाही, तर दहा-बारा दिवसांनी त्याच ईमेलखाली एकदा आठवण करावी आणि मग सोडून द्यावं.

कुणी म्हणेल, रामानुजननं १९१३ साली हार्डींना चांगलं लांब पत्र लिहिलं होतं. खरं आहे. पण त्यात भर होता तो पारखून बघता येईल अशा सूत्रांचा. आणि हार्डींच्या आधी केंब्रिजच्या दोन गणितज्ञांकडून त्याच्या हाती काही लागलं नव्हतं.

राहिला प्रश्न उद्धटपणाचा. थोडक्यात लिहिलं तर मोठ्यांचा मान राखला जात नाही, असं आपल्याकडे वाटतं. पण आपल्याच वाडवडिलांनी 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' याचं 'सा.न.वि.वि.' केलं आणि त्यानं कुणाचा मान गेला नाही. नातवंडं ईमेल दाखवायला आली, तर व्याकरण नंतर बघा. आधी शेवटची ओळ वाचा आणि समोरच्याच्या जागी बसून तिचं उत्तर मोबाइलवर एका अंगठ्यानं लिहून बघा. एका ओळीत जमलं तर पाठवू द्या.